फोन टॉवरशी पहिल्यांदा बोलतो कसा: एलटीईमधली रँडम ॲक्सेस, प्रिअँबलची टक्कर आणि ती ओळखायची कशी

फोन ऑन केल्यावर वर कोपऱ्यात सिग्नलच्या दांड्या दिसायला लागतात तेव्हा टॉवरला त्या फोनचा पत्ताच नसतो. दांड्या म्हणजे फोनला टॉवर ऐकू येतोय एवढंच, टॉवरला फोन ऐकू आलाय असं त्यात काहीच नाही. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीमध्ये, फोनने कधी आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं हे टॉवर ठरवतो, पण ज्या फोनची ओळखच नाही त्याला वेळ नेमून द्यायची कशी? ही पहिली अडचण. दुसरी अशी की फोन टॉवरपासून किती लांब आहे हे दोघांनाही माहीत नसतं, त्यामुळे फोनने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर पाठवलेला सिग्नलही टॉवरकडे उशिरा पोचतो आणि बाकीच्यांच्या सिग्नलमध्ये घुसतो.

या दोन्ही अडचणी सोडवायला जी प्रोसिजर आहे ती म्हणजे रँडम ॲक्सेस. चार मेसेजची देवाणघेवाण आहे, सगळं सुरळीत झालं तर साधारण पंचवीस मिलिसेकंदात उरकतं. मी इथे एलटीई एफडीडीच, म्हणजे पाठवायला आणि ऐकायला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला प्रकारच, धरतोय कारण आकडे एका जागी पक्के ठेवून बोलता येतं, आणि मुख्य भर टक्करीवर देणार आहे, कारण लोकांचा गोंधळ तिथेच होतो. प्रिअँबल म्हणजे फोनने टॉवरला घातलेली पहिली हाक. दोन फोननी एकाच वेळी एकच प्रिअँबल पाठवला की टक्कर पहिल्या पायरीला झालेली असते पण ती कळते तिसऱ्या-चौथ्या पायरीला, आणि मधल्या काळात दोन्ही फोनना वाटत असतं की आपलं काम झालं. हे एकदा नीट डोक्यात बसलं की लॉगमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच विचित्र गोष्टींचा उलगडा होतो.

बोलायच्या आधी फोन काय वाचतो

फोन आधी सिंक सिग्नल पकडतो, मग टॉवर सगळ्यांसाठी पाठवत असलेली माहिती वाचतो, आधी MIB, मग SIB1, मग SIB2. पहिले तीन आत्ता सोडून द्या, आपल्या कामाचा माल SIB2 मध्ये आहे. या सेलमध्ये पहिल्यांदा बोलायचे नियम काय आहेत ते टॉवर तिथे सगळ्यांसाठी सतत सांगत असतो. एक नमुना घेऊ, पुढचा सगळा हिशोब याच आकड्यांवर करू:

```
prach-ConfigIndex                   3
numberOfRA-Preambles                n52
preambleInitialReceivedTargetPower  dBm-104
powerRampingStep                    dB2
preambleTransMax                    n10
ra-ResponseWindowSize               sf10
mac-ContentionResolutionTimer       sf48
maxHARQ-Msg3Tx                      4
```

prach-ConfigIndex ३ म्हणजे प्रत्येक १० मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये एकेका मिलिसेकंदाचे जे दहा सबफ्रेम असतात, नंबर ० ते ९, त्यातल्या सबफ्रेम नंबर १ ला दार उघडतं, फक्त एका मिलिसेकंदापुरतं. सेलमध्ये एकूण ६४ प्रिअँबल असतात, त्यातले ५२ कुणीही उचलावेत असे, उरलेले १२ टॉवर स्वतः नेमून देतो, मुख्यतः हँडओव्हरला, म्हणजे चालू कनेक्शन एका सेलमधून दुसऱ्यात जाताना. हँडओव्हरमध्ये प्रिअँबल नेमून दिलेला असल्यामुळे टक्करीचा प्रश्नच येत नाही, पण पहिल्यांदा येणाऱ्या फोनला ही सोय नाही, त्याला ५२ मधूनच उचलावा लागतो.

पायरी १: प्रिअँबल

फोन ५२ पैकी एक प्रिअँबल रँडम उचलतो आणि पुढच्या सबफ्रेम १ ला पाठवतो. प्रिअँबल म्हणजे झॅडॉफ-चू नावाची ८३९ नमुन्यांची एक ठरलेली लड. टॉवर फ्रिक्वेन्सी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांना रिसोर्स ब्लॉक म्हणतात; प्रिअँबलची रुंदी सहा रिसोर्स ब्लॉक, म्हणजे १.०८ मेगाहर्ट्झ. मूळ लड ०.८ मिलिसेकंदाची, तिच्या आधी साधारण ०.१ चा सायक्लिक प्रिफिक्स, म्हणजे थोडा उशीर पोटात घ्यायला जोडलेली लडीच्या शेपटाची नक्कल, आणि शेवटी साधारण ०.१ मिलिसेकंद रिकामी जागा. ती रिकामी जागा लांबच्या फोनसाठी आहे, त्याचा सिग्नल उशिरा आला तरी पुढच्या सबफ्रेमवर जाऊ नये म्हणून. या फॉरमॅटमध्ये साधारण १४ किलोमीटरपर्यंतचा सेल चालतो, त्याहून मोठ्या सेलला लांब फॉरमॅट घ्यावे लागतात.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रिअँबलमध्ये फोनची ओळख नसते. नंबर नाही, सिम नाही, काहीच नाही. टॉवरला एवढंच कळतं की "या सबफ्रेममध्ये ५२ पैकी २० नंबरचा प्रिअँबल आला आणि तो इतका उशिरा आला". कुणी पाठवला, एकाने पाठवला की तिघांनी, हे त्या लडीत लिहिलेलंच नसतं.

पॉवर किती लावायची हे फोन स्वतः काढतो. SIB2 मध्ये टॉवर आपली रेफरन्स सिग्नलची पॉवरही सांगतो, समजा १८ डीबीएम, आणि फोनला तोच सिग्नल -१०२ डीबीएम मिळतोय. वाटेतला लॉस झाला १२० डीबी. टॉवरला प्रिअँबल -१०४ ला हवाय, मग:

```
P = min(23, -104 + (N-1)*2 + 120)
```

इथे N म्हणजे कितवा प्रयत्न. पहिल्यांदा १६ डीबीएम, मग १८, २०, २२ आणि पाचव्या प्रयत्नाला २३ वर अडकतो कारण नेहमीच्या फोनची कमाल पॉवर तेवढीच. म्हणजे preambleTransMax १० असला तरी या फोनसाठी पाचव्यानंतरचे सगळे प्रयत्न एकाच पॉवरचे. सेलच्या कडेला बसलेला फोन तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नालाच छताला टेकतो, तिथे powerRampingStep वाढवून काही साधत नाही.

पायरी २: टॉवरचं उत्तर

प्रिअँबल पाठवल्यावर फोन तीन सबफ्रेमनंतर कान उघडतो आणि आपल्या नमुन्याप्रमाणे १० सबफ्रेम ऐकत राहतो. सबफ्रेम १ ला पाठवला तर खिडकी ४ ते १३, फ्रेम बदलली तरी मोजणी पुढे चालू ठेवून. ऐकायचं कुठल्या पत्त्यावर? त्याला RA-RNTI म्हणतात आणि एफडीडीमध्ये तो सरळ सबफ्रेम नंबर अधिक एक असतो, म्हणजे इथे २. बघा, हा पत्ताही फोनचा नाही, वेळेचा आहे. त्या सबफ्रेमला ज्यांनी ज्यांनी प्रिअँबल पाठवला ते सगळे याच पत्त्यावर ऐकत असतात आणि आलेल्या उत्तरात आपला प्रिअँबल नंबर आहे का ते शोधतात.

नंबर सापडला तर त्याच्यापुढे सहा बाइटचं उत्तर असतं. त्यात तीन गोष्टी. टायमिंग ॲडव्हान्स ११ बिट, पुढचा मेसेज कुठे आणि कसा पाठवायचा त्याची परवानगी २० बिट, आणि एक तात्पुरता पत्ता १६ बिट, टेंपररी सी-आरएनटीआय. टायमिंग ॲडव्हान्सची एक पायरी म्हणजे साधारण ७८ मीटर अंतर. टॉवरने ८ सांगितलं तर फोन साधारण सव्वासहाशे मीटरवर आहे आणि त्याने आपला सिग्नल तेवढा आधी पाठवायचा.

खिडकी संपली आणि आपला नंबर आलाच नाही तर प्रयत्न फुकट. फोन N एकने वाढवतो, पॉवर चढवतो आणि पुन्हा नवीन रँडम प्रिअँबल उचलतो. १३ व्या सबफ्रेमला खिडकी बंद झाली की पुढचं दार २१ ला, म्हणजे हुकलेला प्रिअँबल २० मिलिसेकंदाला पडला. हा आकडा लक्षात ठेवा, टक्करीचा खर्च याच्याशी ताडून बघायचाय.

पायरी ३ आणि ४: नाव सांगणं आणि नाव परत ऐकणं

उत्तर मिळाल्यापासून कमीत कमी सहा सबफ्रेमनंतर फोन मेसेज ३ पाठवतो, RRCConnectionRequest. फोन पहिल्यांदा इथे स्वतःबद्दल काहीतरी सांगतो. नेटवर्कने आधी कधी S-TMSI नावाची तात्पुरती ओळख दिली असेल आणि ती त्या ट्रॅकिंग एरियात, म्हणजे फोनची नोंद ज्या सेलच्या गटासाठी धरली जाते त्यात, चालत असेल तर ती, नाहीतर चक्क ४० बिटचा एक रँडम आकडा. सोबत कनेक्शन कशाला हवंय ते कारण. एकूण ४८ बिट, बस्स. मेसेज ३ ला हार्क चालतं, म्हणजे टॉवरला नाही समजला तर तो नकार देतो आणि फोन आठ सबफ्रेमनंतर तोच पुन्हा पाठवतो, आपल्या नमुन्यात एकूण चार वेळा.

मेसेज ४ मध्ये टॉवर तेच ४८ बिट जसेच्या तसे परत पाठवतो, तात्पुरत्या पत्त्यावर. फोन ते आपल्या पाठवलेल्या ४८ बिटशी ताडून बघतो. जुळले तर पोच देतो, तात्पुरता पत्ता कायमचा होतो आणि रँडम ॲक्सेस संपली. नाही जुळले तर तो पोचही देत नाही, तात्पुरता पत्ता टाकून देतो आणि पहिल्या पायरीवर परत जातो. जुळवणीला एवढं महत्त्व कशासाठी ते आता बघू, कारण एकटाच फोन असता तर याची काही गरजच नव्हती.

टक्कर, सावकाश

दोन फोन घ्या, एक टॉवरपासून ६०० मीटरवर आणि दुसरा २.४ किलोमीटरवर. दोघांनाही एकाच फ्रेममध्ये बोलायचंय, दोघांनी २० नंबर उचलला. जाऊन-येऊन हिशोब केला तर पहिल्याचा प्रिअँबल ४ मायक्रोसेकंद उशिरा पोचतो, दुसऱ्याचा १६.

टॉवर आलेला सिग्नल २० नंबरच्या लडीशी जुळवून बघतो तेव्हा त्याला दोन टोकं दिसतात, एक ४ वर आणि एक १६ वर. इथे बरेच जण म्हणतात, मग कळली की टक्कर! पण तसं नसतं. एकाच फोनचा सिग्नल थेट आला आणि लांबच्या डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून आपटूनही आला तरी अशीच दोन टोकं दिसतात. पॉवरचं अंतर आणि सेलचा आकार बघून टॉवर अंदाज बांधू शकतो, काही कंपन्यांच्या टॉवरमध्ये तसे प्रयत्न असतातही, पण खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही फोन सारख्याच अंतरावर असतील, एकाच इमारतीत, एकाच डब्यात, तर टोकही एकच दिसतं आणि अंदाजालाही जागा राहत नाही. त्यामुळे टॉवर एकच उत्तर पाठवतो: प्रिअँबल २०, टायमिंग ॲडव्हान्स ८, तात्पुरता पत्ता 0x46.

आता दोन्ही फोनना आपला नंबर सापडतो आणि दोघेही तेच उत्तर आपलं मानतात. बँकेत एकाच नंबरचं टोकन दोघांच्या हातात पडावं आणि तो नंबर पुकारला की दोघांनी एकदमच खिडकीशी जावं, तसं. दोघेही टायमिंग ॲडव्हान्स ८ लावतात, दोघेही 0x46 पत्ता धरतात आणि दोघेही अगदी त्याच सबफ्रेममध्ये, त्याच रिसोर्स ब्लॉकवर मेसेज ३ पाठवतात. प्रिअँबल एकमेकांवर पडला तर फारसं बिघडत नव्हतं कारण लड दोघांची एकच होती, पण मेसेज ३ मधले बिट वेगळे आहेत आणि तेच आता एकमेकांवर पडतायत.

पुढे काय होतं ते दोन प्रकारे जातं. आपल्या उदाहरणात जवळच्या फोनचं टायमिंग बरोबर बसलंय. लांबच्याला ३१ लावायला हवं होतं पण त्याने ८ लावलं, त्यामुळे त्याचा मेसेज ३ साधारण १२ मायक्रोसेकंद उशिरा येतो. नेहमीचा सायक्लिक प्रिफिक्स साधारण ४.७ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे हा त्याच्या बाहेर पडला. जवळच्याची पॉवरही चांगली आली असेल तर टॉवर त्याचा मेसेज वाचून टाकतो, दुसरा त्याला फक्त गोंगाट वाटतो. मग मेसेज ४ मध्ये जवळच्याचे ४८ बिट परत जातात. तो पोच देतो. लांबचाही 0x46 वरच ऐकतोय, त्यालाही मेसेज ४ मिळतो, तो बघतो की हे बिट माझे नाहीत, आणि गप्प बसून बाहेर पडतो. पोच न देणं इथे फार महत्त्वाचं आहे, कारण दोघांनी पोच दिली असती तर दोघेही एकच पत्ता घेऊन बसले असते. हा टक्करीचा बरा प्रकार, एक जिंकतो आणि हरणाऱ्यालाही लगेच कळतं.

वाईट प्रकार म्हणजे दोघांची पॉवर जवळपास सारखी आणि टॉवरला कुणाचाच मेसेज वाचता येत नाही. टॉवरला वाटतं सिग्नल खराब आला, तो नकार पाठवतो. नकार दोघांनाही ऐकू जातो. दोघेही आठ सबफ्रेमनंतर पुन्हा पाठवतात, पुन्हा एकमेकांवरच. हार्क हा गोंगाटावरचा उपाय आहे, इथे गोंगाट म्हणजे दुसरा फोनच आहे आणि तोही तितक्याच नेमाने परत येतो. आपल्या आकड्यांवर वेळ मांडू, उत्तर सबफ्रेम ६ ला आलं असं धरून:

```
1    प्रिअँबल
6    टॉवरचं उत्तर
12   मेसेज ३, पहिला
20   मेसेज ३, दुसरा
28   मेसेज ३, तिसरा
36   मेसेज ३, चौथा
84   टायमर संपला
```

टायमर ४८ चा असूनही ८४ ला का संपतो? कारण मेसेज ३ दरवेळी पुन्हा पाठवला की टायमर शून्यापासून चालू होतो, शेवटचा ३६ ला गेला म्हणून ३६ अधिक ४८. म्हणजे हुकलेला प्रिअँबल २० मिलिसेकंदाला पडतो आणि न कळलेली टक्कर ८० च्या वर, चौपट. आणि या काळात टॉवरने चार वेळा रिसोर्स ब्लॉक दिले ते वेगळेच. म्हणून मला तर वाटतं की टक्करीचा विचार करताना ती किती वेळा होते एवढंच बघणं अपुरं आहे, ती कळायला किती उशीर होतो तेही तितकंच बघायला हवं. maxHARQ-Msg3Tx वाढवताना हे विसरलं जातं. कडेच्या फोनना त्याने खरंच मदत होते पण गर्दीच्या सेलमध्ये प्रत्येक टक्कर आठ-आठ मिलिसेकंदाने लांबते.

अजून एक गोष्ट जी पटकन लक्षात येत नाही. टक्कर होऊन फोन पहिल्या पायरीवर परत आला तरी N वाढतोच. म्हणजे पुढचा प्रिअँबल जास्त पॉवरने जातो. पॉवर कमी पडली म्हणून हरला नव्हता, तरीही. फोनला दोन कारणांतला फरक कळला असला तरी काउंटर एकच आहे. गर्दीत याचा परिणाम असा की सगळे फोन हळूहळू जोराने बोलायला लागतात आणि शेजारच्या सेललाही त्याचा त्रास होतो. ५जीमध्ये पॉवर चढवायचा काउंटर वेगळा केलाय, फोनने बीम, म्हणजे टॉवरचा ठराविक दिशेचा झोत, बदलला की पॉवर तिथेच थांबते, पण बीम तोच राहिला तर तिथेही टक्करीनंतर पॉवर चढतेच.

किती फोन आले की किती टक्कर

एका दाराशी n फोन आले तर एखाद्या ठराविक फोनची टक्कर व्हायची शक्यता

```
1 - (51/52)^(n-1)
```

दोन फोन असतील तर साधारण २ टक्के, पाच असतील तर साडेसात, दहाला १६, तीसला ४३. पण टॉवरच्या बाजूने बघितलं तर दहा फोनमध्ये कुठल्यातरी जोडीची टक्कर होण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळा आहे, आणि रिपोर्टमध्ये कुठला दिलाय ते न बघता लोक वाद घालत बसतात.

एका दारातून बिनटक्कर सुटणारे फोन जास्तीत जास्त किती? आलेले फोन ५२ झाले की सरासरी १९ सुटतात, तोच कळस. त्याच्यापुढे जितके जास्त येतील तितके कमी सुटतात, आणि न सुटलेले पुन्हा येतात म्हणून गर्दी आणखी वाढते. हेच गणित १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या अलोहानेट या रेडिओ नेटवर्कपासून चालत आलंय, फक्त तिथे चॅनल एक होता आणि इथे एका वेळी ५२ आहेत.

नेहमीच्या दिवशी दहा मिलिसेकंदात दहा फोन येत नाहीत. अडचण एकदम येणाऱ्या लाटेची असते. टॉवरची लाइट जाऊन परत आली की आसपासचे सगळे फोन एकदम येतात. घाटातल्या लांब बोगद्यात सिग्नल गेला असेल तर गाडी बाहेर पडताच ज्यांचं कनेक्शन तुटलं होतं ते सगळे एकदम कनेक्शन जोडायला बघतात. ट्रॅकिंग एरियाची सीमा रेल्वे रुळावर पडली असेल तर भरलेली लोकल तिथून गेली की डब्यातल्या वापरात नसलेल्या फोननाही नोंद करायला बोलावंच लागतं. ही शेवटची चूक कागदावर नकाशा आखताना होते आणि मग वर्षानुवर्षं तिथे संध्याकाळी नेटवर्क येत नाही अशी तक्रार चालू राहते.

लाट फोडायला टॉवरकडे बॅकऑफ आहे. दुसऱ्या पायरीच्या उत्तरात तो एक आकडा घालू शकतो, समजा ८, त्याचा अर्थ १६० मिलिसेकंद. हरलेला फोन मग शून्य ते १६० मधला कुठलाही वेळ रँडम घेऊन तेवढा थांबतो. सगळ्यात मोठा आकडा ९६० मिलिसेकंदाचा. पण यात एक मर्यादा आहे: बॅकऑफ हरलेल्यांनाच लागू होतो, पहिल्यांदा येणारा फोन कशालाही न थांबता पुढच्या दाराला हजर होतो.

लॉगमध्ये बघायचं कुठे

स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर srsRAN 4G घ्या, त्यात फोन आणि टॉवर दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये चालतात आणि ZMQ लावून दोघांना सॉफ्टवेअरनेच जोडलं तर रेडिओशिवायही चालतं. फोनच्या बाजूला साधारण असं दिसतं:

```
Random Access Transmission: seq=20, tti=341, ra-rnti=0x2
Random Access Complete.     c-rnti=0x46, ta=0
```

टॉवरच्या बाजूला:

```
RACH:  tti=341, cc=0, preamble=20, offset=0, temp_crnti=0x46
```

tti म्हणजे सबफ्रेमचा चालू नंबर. ३४१ चा शेवटचा अंक १ म्हणजे सबफ्रेम १, म्हणून ra-rnti २. वर शिकलेलं सगळं दोन ओळीत ताडून बघता येतं. पहिली ओळ पुन्हा पुन्हा येतेय आणि टॉवरच्या बाजूला काहीच नाही, तर प्रिअँबल पोचतच नाहीये. दोन्हीकडे ओळी येतायत पण Complete येत नाही, तर घोळ दुसऱ्या पायरीनंतर आहे. टक्कर मुद्दाम बघायची असेल तर sib.conf मध्ये num_ra_preambles ५२ वरून ४ करा आणि दोन फोन जीएनयू रेडिओतून एकत्र जोडून एकाच वेळी चालू करा, एकाच दाराला आले तर टक्करीची शक्यता २५ टक्के होते.

खऱ्या सेलमध्ये मात्र एक-एक फोन बघून भागत नाही, काउंटर बघावे लागतात. चार आकडे एकाखाली एक मांडा: किती प्रिअँबल दिसले, किती उत्तरं गेली, किती मेसेज ३ वाचले, किती मेसेज ४ ला पोच आली. उत्तरं भरपूर आणि मेसेज ३ कमी, असं दिसलं की बरेच जण लगेच टक्कर म्हणून मोकळे होतात, पण तसंच चित्र भुताच्या प्रिअँबलमुळेही दिसतं. म्हणजे प्रिअँबल आलाय असं टॉवरला वाटतं पण आपल्या सेलमध्ये तो कुणी पाठवलेलाच नसतो. बहुतेक वेळा शेजारच्या एखाद्या सेलला तोच rootSequenceIndex, म्हणजे प्रिअँबलच्या लडी ज्यावरून बनतात तोच नंबर, तीच वेळ आणि तीच फ्रिक्वेन्सी दिलेली असते, तिथल्या फोनचा प्रिअँबल इकडे ऐकू येतो आणि आपला टॉवर कुणी नसलेल्या फोनला उत्तरं देत बसतो.

दोन्ही वेगळं करायला मी तीन गोष्टी बघतो. पहिली, मेसेज ३ च्या रिसोर्स ब्लॉकवर ऊर्जा आली का. टक्कर असेल तर सिग्नल भरपूर आणि वाचता येत नाही, भूत असेल तर तिथे शुकशुकाट. दुसरी, रात्री तीनचा आकडा. टक्कर गर्दीबरोबर वाढते आणि गर्दीपेक्षा वेगाने वाढते, पहाटे ती जवळपास नाहीशी व्हायला हवी. पहाटेही मेसेज ३ चं प्रमाण तसंच खराब असेल तर टक्कर नव्हे. तिसरी, टायमिंग ॲडव्हान्स. आपला सेल दीड किलोमीटरचा आणि न आलेल्या मेसेज ३ चे टायमिंग ॲडव्हान्स ५० च्या आसपास गोळा झालेत, म्हणजे चार किलोमीटर, तर ते फोन आपले नाहीतच. आणि मेसेज ३ वाचले जातायत पण मेसेज ४ ला पोच येत नाहीये असं असेल तर टक्करीकडे बघूच नका, टक्करीत जिंकणारा पोच देतोच, तिथे डाउनलिंक तपासा.

टक्करच असेल तर काय बदलायचं

पहिला उपाय दारं वाढवणं. prach-ConfigIndex ३ चा ६ केला की सबफ्रेम १ आणि ६ अशी फ्रेममध्ये दोन दारं होतात, दहा फोन पाच-पाचमध्ये वाटले जातात आणि एकेका फोनची शक्यता १६ वरून साडेसात टक्क्यांवर येते. किंमत बघा: १० मेगाहर्ट्झच्या सेलमध्ये ५० रिसोर्स ब्लॉक, त्यातले सहा, दहापैकी एका सबफ्रेमला, म्हणजे अपलिंकचे १.२ टक्के. दोन दारं केली की २.४. गर्दीच्या सेलला हे परवडतं, १.४ मेगाहर्ट्झच्या सेलला मात्र एक दार म्हणजे त्या सबफ्रेमचं सगळं अपलिंक, तिथे विचार करून करा. फक्त numberOfRA-Preambles ५२ चा ६० करून फार काही हाती लागत नाही, दहा फोनसाठी १६ चे १४ टक्के होतात आणि हँडओव्हरचे प्रिअँबल मात्र बारावरून चारवर येतात.

लाट खूपच मोठी असेल तर फोनला दाराशी येण्याआधीच थांबवावं लागतं, त्यासाठी SIB2 मध्ये ॲक्सेस क्लास बारिंग आहे. ac-BarringFactor p50 दिला की प्रत्येक फोन ० ते १ मधला आकडा काढतो, ०.५ च्या खाली आला तर पुढे जातो, नाहीतर थांबतो. ac-BarringTime ४ सेकंद असेल तर थांबायचा वेळ २.८ ते ५.२ सेकंदात कुठेही पडतो, त्यामुळे थांबलेले सगळे पुन्हा एकदम येत नाहीत. बॅकऑफला जे जमत नाही ते हे करतं, पहिल्यांदा येणाऱ्यालाही लागू होतं. पण पेजिंगला, म्हणजे टॉवरने फोनला घातलेल्या हाकेला, उत्तर द्यायला येणारे फोन यात अडवले जात नाहीत, आणीबाणीच्या कॉलसाठी वेगळी खूण असते. त्यामुळे लाट जर टॉवरनेच एकदम खूप फोनना पेज केल्यामुळे आली असेल तर बारिंग कितीही कडक करा, काउंटर हलणार नाहीत, तिथे पेजिंगच पसरवून पाठवावं लागतं.